शीर्षकातून गळालेला ‘पर्यंत’

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ मध्ये एक शिक्षा सांगितली आहे. भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवला नाही आणि घरमालक त्याबद्दल दोषी ठरला, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या कलमाची माहिती देणाऱ्या पानाचं शीर्षक मात्र बहुधा असं असतं: ‘करार नोंदवला नाही? घरमालकाला तीन महिने जेल!’

यात खोटा असा एकही शब्द नाही. जे काही घडलंय ते गाळण्यातून घडलंय. ‘पर्यंत’ गेला, ‘किंवा’ गेला, ‘दोषी ठरल्यास’ गेलं. उरलं ते इतकं ठाम आहे की डिपॉझिटसाठी मालकाशी भांडून आलेला माणूस ते वाचतो आणि तडक पोलीस चौकी गाठतो. तिथे त्याला सांगतात की डिपॉझिटचा वाद दिवाणी आहे, नोटीस पाठवा, कोर्टात जा. नोंदणीचा गुन्हा आणि डिपॉझिटची वसुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला त्या क्षणी कळतं. त्याचा समज असा होतो की पोलीस मालकाला फितूर आहेत. कधी असतीलही, पण इथे त्याची दिशाभूल आधी शीर्षकानं केलेली असते.

मी बरीच वर्षं एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसतो आणि तिथली पत्रकं, मार्गदर्शिका लिहितो. म्हणजे हे पाप माझ्याही हातून झालेलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: कायद्याच्या माहितीत शीर्षक हे सजावट नसतं, ते मजकुराचा सर्वांत जास्त वाचला जाणारा परिच्छेद असतं, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत वाचला जाणारा एकमेव. म्हणून ही माहिती कुणासाठी, कुठली आणि कुठवर आहे हे शीर्षकातच असलं पाहिजे. निकालाचं आश्वासन तर तिथे असताच कामा नये.

हे मला पटलं ते एका भरतकामाच्या मशीनमुळे.

एक बाई जानेवारी २०२५ मध्ये केंद्रात आल्या. त्यांनी जून २०२२ मध्ये साडेतीन लाखांची, बऱ्याच सुयांची भरतकामाची मशीन घेतली होती. घरात एकच खोली मोकळी करून त्या ब्लाउजवरचं काम घेत, मदतीला शेजारची एक मुलगी. ऑगस्टपासून मशीन मध्येच दोरा तोडू लागली, डिझाइन अर्ध्यावर सरकू लागलं. विक्रेत्याचा माणूस चार वेळा येऊन गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रेत्यानं मेसेज करून कळवलं की दोष मशीनचा नसून वापराचा आहे, आता फुकट दुरुस्ती होणार नाही.

त्यानंतर बाईंनी माहिती शोधली. पहिलं शीर्षक त्यांना दिसलं ते हे: ‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही’. आपण तर धंदाच करतो, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडला आणि विक्रेत्याशी पत्रव्यवहार चालू ठेवला. दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना आमचंच जुनं पत्रक दिलं. त्यावर ठळक अक्षरांत मी लिहिलेलं शीर्षक होतं: ‘सदोष वस्तू? ग्राहक आयोगात पैसे परत मिळवा’. ते घडी घालून पर्समध्ये ठेवून त्या आल्या होत्या. टेबलावर पत्रक उलगडताना त्यांच्या चेहऱ्यावर जो विश्वास होता, तो बघून मला अवघडल्यासारखं झालं.

पहिलं शीर्षक त्यांना दारातून परत पाठवून गेलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘व्यावसायिक कारणासाठी’ घेतलेली वस्तू वगळली आहे, हे खरं. पण त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक कारणासाठी घेतली असं धरायचं नाही. जुन्या, १९८६ च्या कायद्यातही हे स्पष्टीकरण होतं. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते उलगडून सांगताना म्हटलं, की स्वतः यंत्र चालवणाऱ्यानं एक-दोघांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक असण्याचा थांबत नाही. म्हणजे एक खोली, एक मशीन आणि मदतीला एक मुलगी असलेल्या या बाईंना ‘मी ग्राहक आहे’ असं म्हणायला चांगली जागा होती. हेच यंत्र कुणी कारखान्यासाठी दहाच्या संख्येनं घेतलं असतं तर उत्तर बहुधा उलटं आलं असतं.

व्याप्तीबद्दल खोटं बोलणं म्हणजे नेहमी फुगवूनच सांगणं असं आपण धरून चालतो. इथे खोटेपणा आकसून सांगण्यात होता. फुगवलेलं शीर्षक माणसाला निदान दारापर्यंत आणतं आणि तिथे त्याची निराशा होते. आकसलेलं शीर्षक त्याला घरीच बसवतं, आणि तो आलाच नाही हे कुणाला कळतही नाही. केंद्राच्या वहीत न आलेल्यांची नोंद नसते.

दुसरं शीर्षक माझं. त्यात मुदत नव्हती. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, हे कलम ६९ सांगतं. आमच्या पत्रकात ते होतं, मागच्या पानावर, ‘इतर महत्त्वाचे मुद्दे’ या सदराखाली सहाव्या क्रमांकावर. विक्रेत्यानं नोव्हेंबर २०२२ मध्ये हात वर केले, ती तारीख धरली तरी दोन वर्षं नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. त्यानंतरही मेसेज येत-जात राहिले होते आणि बाईंना वाटत होतं की बोलणी चालू आहेत म्हणजे मुदत थांबली आहे. नुसत्या पत्रव्यवहारानं मुदत थांबत नाही. उशिराला पुरेसं कारण आहे असं आयोगाला पटवून दिलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि ‘मी चुकीचं शीर्षक वाचलं’ हे कारण कितपत चालेल याची मला तरी खात्री देता आली नाही.

आम्ही उशीर माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडून तक्रार तयार केली. मशीनची किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला शुल्क नव्हतं, तेवढाच दिलासा. पुढे काय झालं ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच निकाल शीर्षक होऊन बसेल.

आता ते शीर्षक पुन्हा पाहू. ‘पैसे परत मिळवा’ यातलं क्रियापद कुणाच्या हातात आहे? तक्रार करणं बाईंच्या हातात आहे. नोटीस पाठवणं, बिल आणि दुरुस्तीच्या नोंदी जोडणं, मशीनची तपासणी मागणं, हेही. पैसे परत करण्याचा आदेश देणं आयोगाच्या हातात आहे. आयोग पैसे परत करायला सांगेल, वस्तू बदलून द्यायला सांगेल, दोष काढून द्यायला सांगेल किंवा तक्रार फेटाळेल. आदेश झाल्यावरही विक्रेता अपील करू शकतो, आणि त्यानं पैसे दिलेच नाहीत तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ‘मिळवा’ या एका शब्दानं इतके टप्पे गिळले. मराठीत ‘मागणे’ आणि ‘मिळणे’ ही दोन क्रियापदं निराळी आहेत, हे शाळकरी पोरालाही कळतं. शीर्षक लिहिताना आपल्याला ते कळेनासं होतं, कारण ‘मागा’ हा शब्द जरा लाचार वाटतो. माझा साधा नियम आता असा: शीर्षकातलं क्रियापद वाचणाऱ्याला स्वतः करता येण्यासारखं असावं. ‘तक्रार कशी दाखल करावी’ हे चालेल, ‘नोटिशीत काय लिहावं’ चालेल. ‘मिळवा’, ‘जिंका’, ‘धडा शिकवा’ चालणार नाही.

हाच प्रकार ‘ग्राहक आयोगात ३ महिन्यांत निकाल’ या शीर्षकाचा. हे शीर्षक इतकं पसरलेलं आहे की लोक तक्रार दिल्याच्या चौथ्या महिन्यात आमच्याकडे येऊन विचारतात, निकाल कुठे अडकला? कायद्याचं वाक्य असं आहे, की तक्रार शक्य तितक्या लवकर निकाली काढावी आणि वस्तूची तपासणी लागत नसेल तर समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निर्णय देण्याचा प्रयत्न करावा. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते नोटीस पोचल्यावर, तक्रार दिल्यावर नाही, आणि कायदा बोलतो ते प्रयत्नाबद्दल. शीर्षकात ‘प्रयत्न’ राहत नाही, कारण प्रयत्नाला कुणी दाद देत नाही. पण मशीन वापरून घर चालवणारी बाई त्या तीन महिन्यांच्या हिशेबानं दुसऱ्या मशीनसाठी कर्ज काढू शकते. शीर्षकातल्या आकड्यावर लोक खरोखर पैसे लावतात.

भाडेकराराकडे परत येतो, कारण तिथे व्याप्तीचा दुसरा अंग दिसतो: जागा. ‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे शीर्षक वर्षानुवर्षं फिरतंय. ते कुठून आलं हेही उघड आहे. नोंदणी कायदा, १९०८ एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायला सांगतो, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट. देशातल्या अनेक ठिकाणी ते शीर्षक बरोबर ठरेल. महाराष्ट्रात ते चूक आहे, कारण कलम ५५ मुदत न बघता प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असावा असं म्हणतं. वाक्य तेच, राज्याची हद्द ओलांडली की खऱ्याचं खोटं होतं. आणि ते मराठीत लिहिलेलं असल्यानं वाचणारा गृहीत धरतो की ते महाराष्ट्राबद्दलच आहे. दुसरीकडच्या मजकुराचं भाषांतर करताना भाषा बदलली जाते, कायदा तोच राहतो.

आदर्श भाडेकरू कायद्यानं तर यात भरच घातली. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून शीर्षकं आली: ‘आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही’. निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा त्या मसुद्यात आहे हे बरोबर. पण ‘आदर्श’ या शब्दाचा इथला अर्थ नमुना असा आहे. राज्यानं त्या नमुन्यावर स्वतःचा कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. उत्तर प्रदेशानं २०२१ मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटवर अशी मर्यादा घालत नाही. तरी एक तरुण आमच्याकडे आला होता, ज्यानं त्या शीर्षकाच्या भरवशावर सहा महिन्यांचं डिपॉझिट मागणाऱ्या मालकाला ‘हे बेकायदा आहे’ म्हणून सुनावलं होतं आणि घर हातचं घालवलं होतं. त्या शीर्षकातला ‘आता’ हा शब्द तेवढा काढला असता आणि ‘राज्यानं कायदा केल्यास’ हे तीन शब्द घातले असते, तर त्याचं घर वाचलं असतं.

‘आता’चं वय हाही प्रश्न आहेच. जिल्हा ग्राहक आयोगापुढे किती रकमेपर्यंतचं प्रकरण जातं? जुन्या कायद्यात २० लाख, नव्या कायद्यात सुरुवातीला १ कोटी, डिसेंबर २०२१ च्या नियमांपासून ५० लाख. दीड वर्षाच्या आत आकडा दोनदा बदलला. शिवाय मोजायचं काय हेही बदललं: आधी वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई मिळून, आता प्रत्यक्ष दिलेली किंमत. वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं असं सांगणारी पानं होती. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकिलांची सेवा या कायद्याबाहेर असल्याचा निर्णय दिला. पान तसंच राहिलं, शीर्षक तसंच राहिलं, फक्त ते खोटं झालं. शीर्षकात महिना आणि वर्ष घालण्याला आमच्याकडचे काही जण विरोध करतात, पत्रक लवकर शिळं दिसतं म्हणून. दिसू दे ना. शिळं झालेलं दिसणं हाच तर त्या तारखेचा उपयोग.

यावर दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं, ‘खाली सूचना दिलेली आहे’. ही माहिती कायदेशीर सल्ला नाही, कृपया वकिलांचा सल्ला घ्यावा, हे वाक्य तळाला छापलं की वर काहीही लिहायला मोकळीक, असा समज आहे. ती सूचना लिहिणाऱ्याचं रक्षण करते, वाचणाऱ्याचं नाही. औषधाच्या बाटलीवर समोर ‘ताप उतरणारच’ आणि मागे बारीक अक्षरात ‘उतरेलच असे नाही’ असं लिहिलं तर आपण त्याला काय म्हणू?

दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे आणि ते माझ्या एका सहकाऱ्याचं आहे, ज्यांनी आयुष्यभर झोपडपट्टीत भाडेकरूंचं काम केलं. ते म्हणतात, तुमची प्रामाणिक शीर्षकं माणसाला गारठवतात. ‘होऊ शकतं’, ‘शक्यतो’, ‘परिस्थितीनुसार’ हे वाचून गरीब माणूस उठून जातो. त्याला आधी उभं करावं लागतं, बारकावे नंतर. शिवाय मोठ्यानं ओरडणाऱ्या खोट्या शीर्षकापुढे तुमचं खरं शीर्षक कुणी उघडणारच नाही.

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ‘परिस्थितीनुसार’ हा शब्द मीही शीर्षकातून हद्दपार केलाय. तो व्याप्ती सांगत नाही, फक्त अंग काढून घेतो. पण त्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत असं मला वाटतं. कायद्यानं दिलेला हक्क ठणकावून सांगायला काहीच हरकत नाही. ‘महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची’ हे शीर्षक घ्या. यात कुठेही ‘शक्यतो’ नाही, कारण कलमातही नाही. त्याच कलमात पुढे आहे की नोंदलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. याचं शीर्षक ‘करार नसेल तर भाडेकरू म्हणेल ते खरं’ असं केलं की पुन्हा ‘पर्यंत’ गळाला. ‘करार नोंदवलेला नाही? अटी सिद्ध करण्याचं ओझं मालकावर’ असं केलं तर जोरही राहतो आणि कायदाही. सहकाऱ्यांना हे शीर्षक आवडलं, फक्त ‘ओझं’ऐवजी ‘डोकेदुखी’ घाला म्हणाले.

उघडलं जाण्याचं म्हणाल तर माझा अनुभव असा, की माणूस आश्वासनापेक्षा आपल्या परिस्थितीच्या नावाला जास्त लवकर थांबतो. ‘डिपॉझिट परत मिळवण्याचे खात्रीशीर मार्ग’ यापेक्षा ‘महाराष्ट्र, लिव्ह अँड लायसन्स: घर सोडलं, डिपॉझिट आलं नाही, तर मागणीची नोटीस कशी लिहावी’ हे लांबलचक आहे, पण ज्याचं डिपॉझिट अडकलंय त्याला त्यात स्वतःचं घर दिसतं. मोबाइलच्या पडद्यावर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून राज्य आणि कराराचा प्रकार सुरुवातीला, पद्धत शेवटी. कापलं गेलंच तर पद्धत जाऊ दे, व्याप्ती जायला नको. आणि नोटीस लिहून झाल्यावर पैसे आले नाहीत, तर माणूस निदान असं म्हणत नाही की तुम्ही मला फसवलंत. त्याला नोटीस लिहायला शिकवू म्हटलं होतं, तेवढं शिकवलं.

त्या बाईंच्या भेटीनंतर आम्ही ते पत्रक मागे घेतलं. शिल्लक गठ्ठ्यातली काही पत्रकं बाहेर गेलेली होती, ती कुठे कुठे पडली असतील याचा पत्ता नाही. नव्या पत्रकाच्या शीर्षकावर तीन बैठका झाल्या. सध्या ते असं आहे: ‘घरासाठी किंवा स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू सदोष निघाली? २ वर्षांच्या आत ग्राहक तक्रार कशी दाखल करावी’. खाली लहान अक्षरात महिना आणि वर्ष. ‘पोटापाण्यासाठी’ हा शब्द कायद्यात नाही, आणि आमच्यातल्या एका निवृत्त वकिलांना तो अजूनही खटकतो. ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ असं लिहा म्हणतात. मी तो शब्द त्या बाईंना फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, यात तुम्ही येता का? त्या म्हणाल्या, “उपजीविका म्हणजे?” मग दुसरा वाचला. “हां, हे माझं,” त्या म्हणाल्या.